गुरुजींच्या व्हॉइस मेसेजवरून पूजेची यादी आणि वेळापत्रक कसं लावायचं? (उदकशांत आणि सत्यनारायण, ठाणे)

मृणाल_नौपाडा

नमस्कार. आमची नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला गेली होती. चार वर्षं भाड्याच्या घरात काढून आम्ही त्याच जागी नव्या घरात परत आलो आहोत. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी उदकशांत आणि लगेच सत्यनारायण आहे. दादा-वहिनी पूजेला बसणार आहेत. तयारी सगळी माझ्याकडे आहे.

आमचे गुरुजी ७८ वर्षांचे आहेत. हात थरथरतो म्हणून यादी लिहून देत नाहीत. बाबांच्या फोनवर त्यांनी ९ व्हॉइस मेसेज पाठवले, सगळे मिळून ३१ मिनिटांचे. बाबांनी ते मला पुढे पाठवले. बोलणं कसं आहे बघा:

"नारळ पाच घ्या. हां, केळीचे खुंट चार, ते चौरंगाला बांधायचे, म्हणजे चौरंग आधी पुसून ठेवायचा, आणि थांबा, त्याच्याही आधी दाराला तोरण झालेलं हवं. सुपाऱ्या पंचवीस. दर्भाचं मी बघतो. शिऱ्याचं आपलं नेहमीसारखं."

हे "नेहमीसारखं" आईला माहीत होतं. आई जाऊन दोन वर्षं झाली आणि तिने कुठे लिहून ठेवलेलं नाही. मी एकदा ऐकत ऐकत सरळ यादी केली, ती ६४ ओळींची झाली. त्यात नारळ तीनदा आले आहेत, प्रत्येक वेळी वेगळा आकडा. शिवाय कधी काय करायचं हे त्यातून काहीच कळत नाही. कुणी असं काम केलं आहे का?

अमेय_घणसोली

एक्सेलमध्ये टाका. पहिल्या रकान्यात वस्तू, दुसऱ्यात संख्या. मग वस्तूच्या नावाने क्रम लावला की नारळाच्या तिन्ही ओळी एकाखाली एक येतील. जो आकडा शेवटच्या मेसेजमध्ये आहे तो खरा धरायचा, कारण माणूस नंतर बोलतो ते सुधारूनच बोलतो. तासाभराचं काम आहे.

विनायक_ऐरोली

आमच्या वास्तुशांतीला होमाच्या धुराने जिन्यातली आगीची घंटा वाजली होती आणि सुरक्षारक्षक पाणी घेऊन धावत वर आला. त्यामुळे सोसायटीच्या कार्यालयात दोन दिवस आधी पत्र द्या. होमकुंडाखाली विटा आणि वाळू ठेवा, नाहीतर नव्या फरश्या तडकतील. आमची एक फरशी गेली.

मृणाल_नौपाडा

विनायकजी, आमच्याकडे वास्तुशांत नाही, उदकशांत आहे. त्यात होम नाही. तरी सोसायटीचा मुद्दा लिहून घेतला, चार गुरुजींच्या गाडीला आत जागा लागेलच.

लघुलेखक

मी चौदा वर्षं कोर्टात साक्षी उतरवून घेतल्या आहेत, त्या अनुभवावरून सांगतो. ऐकता ऐकता यादी करू नका. पहिली चूक तिथेच होते. ऐकणं, समजणं आणि लावणं ही तीन कामं आहेत, ती एकदम केली की डोकं आपोआप गाळलेल्या जागा भरतं आणि आपण काय भरलं ते नंतर ओळखू येत नाही.

आधी नुसतं उतरवा, जसं बोलले तसं. "हां", "थांबा", "नाही नाही" हेसुद्धा लिहा, कारण सुधारणा कुठे झाली ते हेच शब्द सांगतात. दर ओळीसमोर मेसेजचा क्रमांक आणि मिनिट टाका. जे ऐकू आलं नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवा, अंदाज लिहू नका. ३१ मिनिटांना साधारण अडीच-तीन तास लागतील.

आणि यादीच्या आधी एक गोष्ट तपासा. मेसेज बाबांनी तुम्हाला पुढे पाठवले म्हणता. एकदम निवडून पाठवले की सुटे सुटे? तुमच्या फोनवर दिसते ती वेळ पुढे पाठवल्याची आहे, गुरुजी बोलले त्याची नाही. बाबांच्या फोनवरून मूळ वेळ बघून ९ मेसेजना क्रमांक द्या.

मृणाल_नौपाडा

बाबांनी सुटे सुटे पाठवले होते, जसे ऐकून झाले तसे. आत्ता त्यांच्या फोनवर बघितलं. माझ्याकडे सातवा म्हणून आलेला मेसेज खरं तर तिसरा आहे! त्यात "पाच घ्या" आहे. आणि माझ्याकडचा चौथा खरा सहावा, त्यात "पाच नको, सात करा" आहे. मी शेवटचा धरून पाचच लिहिले होते.

अमेय_घणसोली

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण क्रम बरोबर लावल्यावर शेवटचा आकडा खरा, हे तर राहतंच ना?

याज्ञिक_डोंबिवली

नाही राहत. मी स्वतः याज्ञिकी करतो, आमच्या बोलण्याची सवय सांगतो. आम्ही यजमानांना एक आकडा बाजारासाठी सांगतो आणि दुसरा विधी डोळ्यांसमोर आणून सांगतो. "नारळ सात" हा बाजाराचा आकडा. पुढे "नारळ एक ओटीला" म्हटलं तर तो त्या सातातला एक असतो, सुधारणा नसते. तुमच्या तिसऱ्या वेळी नारळ कुठल्या वाक्यात आला आहे?

मृणाल_नौपाडा

आठव्या मेसेजमध्ये: "आणि वहिनींच्या ओटीला नारळ दोन."

याज्ञिक_डोंबिवली

मग हे सातातले दोन की सातावर दोन, ते वाक्यावरून कळणार नाही. "आणि" शब्दाने फसू नका, आम्ही श्वास घेतानाही "आणि" म्हणतो. विधीनुसार मोजून बघा. उदकशांतीच्या कलशावर एक, सत्यनारायणाच्या कलशावर एक, गणपतीपुढे एक, देवापुढे फोडायला एक, असं त्यांच्या बोलण्यात जिथे जिथे आलं आहे तिथून वेचा. बेरीज पाच भरली तर ओटीचे दोन धरून सात झाले. बेरीज सात भरली तर नऊ लागतील.

सुपाऱ्यांना हेच करा. पंचवीस हा आकडा कुठून आला ते शोधल्याशिवाय बाजारात जाऊ नका.

मृणाल_नौपाडा

केलं. काल रात्री सगळं वहीत उतरवलं, लघुलेखकजींनी सांगितलं तसं. पावणेतीन तास लागले. सुपाऱ्या अशा आल्या आहेत:

मेसेज ३, ०:४०: "सुपाऱ्या पंचवीस."
मेसेज ५, १:१५: "गणपतीची एक."
मेसेज ५, १:५०: "कलशात एक टाकायची."
मेसेज ५, २:३०: "नवग्रहांच्या नऊ, दिशांच्या आठ."
मेसेज ५, ३:०५: "पाच विडे, दोन दोन पानं, वर सुपारी, नाणं."
मेसेज ९, ०:२०: "आमच्या दक्षिणेचे विडे चार."

एक, एक, नऊ, आठ आणि पाच, म्हणजे चोवीस. दक्षिणेच्या विड्यांच्या चार धरल्या तर अठ्ठावीस. पंचवीस कशातच बसत नाही.

याज्ञिक_डोंबिवली

बसतं. मांडणीच्या एकोणीस आणि पूजेतल्या विड्यांच्या पाच म्हणजे चोवीस, एक वरची. दक्षिणेचे विडे ते पूजेच्या हिशोबात धरत नाहीत, कारण ते शेवटी यजमानांच्या हातून येतात. त्यातून कलशाचाही प्रश्न आहे. पाचव्या मेसेजमध्ये कलश एक आहे, पण तुमच्याकडे विधी दोन आणि कलश दोन. दुसऱ्यात सुपारी घालतात का, ते विचारा. तुम्ही पस्तीस घ्या, सुपारी वाया जात नाही. पानं मात्र मोजून सांगतो: नऊ विड्यांची अठरा, कलशाला पाच पानं लावत असतील तर ती वेगळी. तीस घेतलीत तर फाटकी-डागाळलेली काढूनही पुरतील.

अजून एक सांगून ठेवतो. नवग्रहांसोबत काहीजण अधिदेवता, प्रत्यधिदेवताही मांडतात, मग सुपाऱ्या एकदम वाढतात. तुमच्या गुरुजींनी त्यांचं नाव घेतलं नाही, म्हणजे त्यांची पद्धत आटोपशीर आहे. इंटरनेटवरची तयार यादी आणून त्यांच्या बोलण्याशी जुळवत बसू नका. दोन घराण्यांच्या पद्धती एका यादीत आल्या की पूजेला बसल्यावर गोंधळ होतो.

लघुलेखक

वही बघायला मिळेल का? निदान प्रश्नचिन्हाच्या ओळी इथे टाका.

मृणाल_नौपाडा

तीन आहेत. एक तर सातव्या मेसेजमधली. मागे मिक्सर चालू आहे. मी आधीच्या यादीत "दूर्वा" लिहिलं होतं: "... कलशावर ठेवायचे, टोकं बाहेर आली पाहिजेत." सुरुवातीचा शब्द "दर" की "दूर" असा काहीतरी ऐकू येतो.

लघुलेखक

क्रियापद काय आहे ते परत ऐका. "ठेवायचे" की "ठेवायच्या"? दूर्वा असत्या तर "ठेवायच्या" म्हणाले असते. "ठेवायचे" असेल तर दर्भ. नाम अस्पष्ट असलं तरी क्रियापदाचा शेवट बहुतेक वेळा स्वच्छ ऐकू येतो, कारण तो वाक्याच्या टोकाला येतो आणि माणूस तिथे थांबतो. मराठीने ही सोय करून ठेवली आहे, ती वापरा.

मृणाल_नौपाडा

"ठेवायचे". चार वेळा ऐकलं. दर्भच!

याज्ञिक_डोंबिवली

अर्थाच्या बाजूनेही दर्भच. उदकशांतीत कलशाभोवती बसून आम्ही मंत्र म्हणतो आणि तो कलश दर्भाने झाकलेला असतो. दूर्वा गणपतीला लागतील, त्या वेगळ्या आणा. दर्भ गुरुजी स्वतः आणणार असं पहिल्या उताऱ्यात आहेच. "कोण आणणार" असा रकाना पाडला असेल तर बाजारातून एक फेरी वाचते. जांभळी नाक्यावर सगळं मिळतं, पण शनिवारी संध्याकाळी तिथे उभं राहायला जागा नसते. नारळ, सुपाऱ्या, गुलाल, अष्टगंध, जानवी असा कोरडा माल गुरुवारीच आणा. फुलं, तुळस, पानं, केळीचे खुंट तेवढे शनिवारी.

सुधाकाकू

मी शिऱ्यासाठी लिहिते आहे. गुरुजींनी सव्वा म्हटलं आहे का? सव्वा कशाचा?

मृणाल_नौपाडा

मेसेज ४, २:२०: "रवा, साखर, तूप सव्वा शेर, दूध बेताने, केळी पाच." शेर म्हणजे किती धरू? माणसं साधारण साठ येतील.

अमेय_घणसोली

शेर म्हणजे साधारण किलोच. सव्वा किलो प्रत्येकी.

सुधाकाकू

वजनाचा शेर किलोपेक्षा थोडा कमी, पण प्रश्न तो नाही. आमच्याकडे शेर म्हणजे माप, तांब्यासारखं पितळी. त्याने रवा आणि साखर मापली तर वजन सारखं भरत नाही. खरी गोष्ट अशी आहे की सव्वा महत्त्वाचा, शेर नाही. तिन्ही वस्तू एकाच मापाने सव्वा सव्वा घ्यायच्या, मग ती वाटी असो की किलो.

सव्वा किलोचा शिरा केला तर दूध धरून सहा किलोच्या पुढे जाईल. साठ माणसांना प्रसाद म्हणून द्यायला तो फार होतो. अर्धा किलोचा सव्वापट करा, म्हणजे ६२५ ग्रॅम रवा, तेवढीच साखर, तेवढंच तूप, सव्वा ते दीड लिटर दूध आणि पाच केळी. साडेतीन किलोच्या आसपास होईल. माणशी एक मोठा चमचा भरून आरामात पुरतो. रवा मंद आचेवर गुलाबी होईपर्यंत भाजायचा, दूध गरमच घालायचं. केळी मी तुपात परतून रव्यातच घालते, वरून घातली तर शिऱ्याला काळी पडलेली दिसतात. या प्रमाणाला पाऊण तास धर.

तुझी आई कसा करायची ते आता कळायला मार्ग नाही, पण तुझी आत्या असेल तर तिला विचार. तिने खाल्ला आहे ना तो शिरा.

मृणाल_नौपाडा

आत्या आहे डोंबिवलीला. विचारते, काकू. धन्यवाद.

आता वेळा. गुरुजी म्हणतात "आठला संकल्प, दोन तास उदकशांतीला धरा, साडेबाराच्या आत आरती झाली पाहिजे". मी असं लावलं: ८ संकल्प, ८:२० ते १०:२० उदकशांत, मग घरभर पाणी शिंपडणं आणि गुरुजींचा चहा, १०:४५ सत्यनारायण, ११:३० कथा, १२:१५ आरती. शिरा प्रसादाला, म्हणजे आरतीनंतर लागणार. तर ११:२० ला करायला घेतला की चालेल?

याज्ञिक_डोंबिवली

थांबा. नैवेद्य कधी दाखवणार? तुम्ही शिरा "प्रसाद" या शब्दापाशी लावला, कारण तो शेवटच्या मेसेजमध्ये आला. पण तो त्याआधी "नैवेद्य" म्हणून लागतो. पूजेत पंचामृत, वस्त्र, गंध, फुलं, तुळस, धूप-दीप झालं की नैवेद्य आणि त्यानंतर पाच अध्यायांची कथा, असा आमचा क्रम आहे. म्हणजे शिरा साडेअकराला देवापुढे हवा, सव्वाबाराला नाही. पाऊण तास लागत असेल तर १०:४० ला कढई चढलेली हवी.

सुधाकाकू

आमच्या माहेरी कथा झाल्यावर, आरतीच्या आधी नैवेद्य दाखवतात. दोन्ही बघितलं आहे मी.

याज्ञिक_डोंबिवली

असेल, काकू. म्हणून तिच्या गुरुजींनाच विचारायला हवं. पण उत्तर येईपर्यंत वेळ आधीचीच धरा. शिरा झाकून ठेवता येतो, नसलेला शिरा दाखवता येत नाही.

लघुलेखक

मृणाल, तुमच्या वेळापत्रकात एक रकाना नाही. प्रत्येक कामासमोर माणसाचं नाव नाही. गुरुजींच्या बोलण्यात सगळं "करायचं, ठेवायचं, आणायचं, भरून घ्यायचं" असं आहे ना? यात कर्ता कुठेच येत नाही. यादीतही तो उतरत नाही आणि पूजेच्या दिवशी प्रत्येकाला वाटतं, दुसरा करतो आहे. वही घ्या आणि दर "-यचं"समोर नाव लिहा. १०:४० ला कोण कोण कुठे आहे?

मृणाल_नौपाडा

आत्ता लिहून बघितलं. १०:४० ला दादा-वहिनी पाणी शिंपडायला गुरुजींबरोबर घरभर फिरत असतील, स्वयंपाकघरातसुद्धा. मी चहा देत असेन. बाबा पाहुण्यांकडे. शिऱ्याला कुणीच नाही. आणि ज्या शेगडीवर चहा, तिच्यावरच शिरा.

सुधाकाकू

चहा थर्मासमध्ये दहालाच भरून ठेव. रवा आदल्या दिवशी भाजून ठेवलास तरी चालतो, वीस मिनिटं वाचतात. शिऱ्याला आत्याला बोलाव.

अमेय_घणसोली

आत्या डोंबिवलीहून येणार असतील तर रविवारचा मेगाब्लॉक बघा. मध्य रेल्वेवर बऱ्याच रविवारी तो साडेदहा-अकराच्या सुमाराला सुरू होतो आणि दुपारी साडेतीन-चारपर्यंत चालतो. गुरुजी सकाळी लवकर निघतील म्हणून त्यांना अडचण नाही, पण दहानंतर निघणारे पाहुणे अडकतील. आदल्या दोन दिवसांत वेळा जाहीर होतात. वेळापत्रकात त्याचीही ओळ टाका.

मृणाल_नौपाडा

टाकली. आत्या शनिवारी रात्रीच राहायला येते आहे, रवा तीच भाजणार. तिला शिऱ्याचं विचारलं. म्हणाली, तुझी आई पाचातलं एक केळं बाजूला ठेवायची आणि शेवटी कुस्करून घालायची, वाफ जायच्या आत. तेवढंच तिला आठवतं.

विनायक_ऐरोली

गुरुजींना एवढे प्रश्न विचारलेले आवडतील का? आमचे चिडले असते.

याज्ञिक_डोंबिवली

मोघम विचारलं की चिडतो माणूस. "गुरुजी, यादी बरोबर आहे का?" म्हटलं की तो परत पहिल्यापासून सगळं सांगतो आणि तुमच्याकडे दहावा मेसेज तयार होतो. एकेका शब्दात उत्तर देता येईल असे पाच-सहाच प्रश्न न्या. आणि फोनवर विचारत असाल तर उत्तर तुम्हीच मोठ्याने परत म्हणा, "म्हणजे नारळ सात, ओटी धरून". ते "हो" म्हणाले की मगच पेनाने लिहा. तोवर पेन्सिल.

मृणाल_नौपाडा

आज संध्याकाळी बाबांनी फोन लावून दिला. सहा प्रश्न नेले होते, अकरा मिनिटं लागली.

नारळ सात, ओटीचे धरून. माझी विधीनुसार बेरीज पाच आली होती, ती जुळली. दुसऱ्या कलशातही सुपारी, म्हणजे एकोणतीस झाल्या, पस्तीस घेतेच आहे. नैवेद्य कथेच्या आधी. शेर म्हणजे काय विचारल्यावर म्हणाले, "तुझ्या आईची पितळी वाटी असेल बघ, तिने सव्वा वाटीच्या पटीत घ्यायची." वाटी सापडली, फडताळात वरच्या खणात होती. सपाट भरली तर त्यात १८० ग्रॅम रवा मावतो. काकू, मग साडेतीन वाट्या घेतल्या तर ६३० होतात, पण साडेतीन सव्वाच्या पटीत बसत नाही.

सुधाकाकू

तीन सव्वा घे, म्हणजे पावणेचार वाट्या. रवा पावणेसातशे ग्रॅम भरेल. साखर-तूपही त्याच वाटीने घे, वजन करू नकोस.

मृणाल_नौपाडा

तसंच करते.

दोन प्रश्न अजून पेन्सिलीतच आहेत. उत्तरपूजा त्याच संध्याकाळी की दुसऱ्या दिवशी सकाळी, यावर ते "बघू, त्या दिवशी सांगतो" म्हणाले. संध्याकाळी असेल तर त्यांना थांबायला जागा आणि परतीची गाडी, दोन्ही बघावं लागेल. म्हणून मी दोन्हीच्या ओळी ठेवल्या आहेत. आणि उदकशांतीचं उरलेलं पाणी झाडांना घालायचं की घरातल्यांनी आंघोळीच्या पाण्यात घ्यायचं, तिथे नेमकी रेंज गेली. "ते पाणी..." एवढंच ऐकू आलं.

याज्ञिक_डोंबिवली

आमच्याकडे अंगावर शिंपडून, थोडं आंघोळीच्या पाण्यात घेऊन, उरलेलं तुळशीला घालतात. पण लिहू नका अजून. विचारा.

मृणाल_नौपाडा

नाही लिहिलं. समोर प्रश्नचिन्ह आणि "मेसेज नाही, फोन, ९:४०" एवढंच टाकलं आहे.

अमेय_घणसोली

वहीचे रकाने इथे टाकता का? सासूबाईंच्या मंगळागौरीचे सहा व्हॉइस मेसेज माझ्याकडे आले आहेत. वस्तूच्या नावाने क्रम लावून बसलो होतो.

मृणाल_नौपाडा

वस्तू, किती, कोणत्या विधीत, हातात कधी हवी, कोण आणणार, मेसेज-मिनिट. क्रम "हातात कधी हवी" याने लावा. तोरण पहिलं येतं, शनिवार रात्र ९, दादा.